टक्का घसरला तरी चालेल

पंप आणि शेती अवजारं विकणाऱ्या एका कंपनीच्या मुख्य कार्यालयात मी हिशेब बघायचो. शाखा व्यवस्थापकाचा बोनस गुंतवणुकीवरच्या परताव्यावर ठरायचा, म्हणजे शाखेचा नफा भागिले तिथं गुंतलेलं भांडवल. कोल्हापूर शाखेत २ कोटी गुंतलेले, नफा ५० लाख. परतावा २५ टक्के, बहुतेक शाखांपेक्षा वरचढ.

तिथं दुरुस्तीचं वर्कशॉप काढायचं ठरत होतं. खर्च ४० लाख, घसारा वजा जाता वर्षाचा नफा ७ लाख २० हजार, म्हणजे १८ टक्के. कंपनीला भांडवल १२ टक्क्यांना पडत होतं. तरी फाइल पुढं सरकेना. मी गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी कॅल्क्युलेटर माझ्यापुढं सरकवला. वर्कशॉप धरून परतावा २३.८ टक्के येत होता. "कंपनीचं भलं होईल हो, पण माझा बोनस जाईल त्याचं काय?" माणूस कामाचा होता आणि बरोबर बोलत होता. चूक मोजपट्टीची होती.

उलट टोकाला दुसरी एक शाखा होती. २ कोटींवर जेमतेम १८ लाख नफा, म्हणजे ९ टक्के. तिथून मात्र ३० लाखांच्या नव्या गोदामाची मागणी तातडीनं आली. गोदामातून ११ टक्के सुटणार होते. शाखेचा टक्का थोडा वर जाणार आणि १२ टक्क्यांचा पैसा ११ टक्क्यांत अडकणार!

मग मी अवशिष्ट उत्पन्नाचा तक्ता मांडला. भांडवलावर १२ टक्के आकार लावायचा, तो नफ्यातून वजा करायचा आणि उरेल ती रक्कम बघायची. कोल्हापूरचे २६ लाख वर्कशॉपनंतर २८ लाख ४० हजार होत होते. गोदामवाल्या शाखेची ६ लाखांची तूट ६ लाख ३० हजारांवर जात होती. पुढच्या वर्षीपासून बोनस या रकमेवर ठरू लागला. वर्कशॉप उभं राहिलं, गोदामाची मागणी परत घेतली गेली.

पण रकमेनं शाखांची क्रमवारी लावता येत नाही, हे मला आग्रहानं सांगावं लागलं. लातूरला ८० लाखांवर २० लाख ८० हजार नफा, म्हणजे २६ टक्के, तरी उरतात ११ लाख २० हजारच. आकारानं मोठी शाखा सहज पुढं दिसते. म्हणून प्रत्येक शाखेची तुलना तिच्याच मागच्या वर्षाशी ठेवली.

एक दुखणं मात्र दोन्ही पद्धतींत राहिलं. जुनी गाडी घसाऱ्यानं पुस्तकात जवळजवळ शून्यावर येते, त्यामुळं ती बदलणारा व्यवस्थापक कागदावर मागं पडतो. त्यासाठी आम्ही भांडवल मूळ किमतीनं धरायला लागलो. गाड्या बदलायच्या मागण्या त्यानंतरच यायला लागल्या.