तुझा मित्र, अ. ब. क.

जबलपूरला आमच्या घरी मराठी बोलतात, पण भाचा शिकतो हिंदी माध्यमात. मराठीचा पेपर जवळ आला की तो वही घेऊन माझ्याकडे येतो. परवा त्याने एक पत्र लिहून आणलं. प्रश्न होता : परदेशात राहणाऱ्या मित्राला परीक्षेच्या तयारीविषयी पत्र लिहा.

वर पत्त्याच्या जागी ‘परीक्षा भवन’ आणि शेवटी ‘तुझा मित्र, अ. ब. क.’, कारण उत्तरपत्रिकेत स्वतःची ओळख द्यायची नसते. मधे तीन वाक्यं : ‘मी येथे कुशल आहे. माझी तयारी चांगली चालून राहिली आहे. तुझीही तयारी चांगली चालली असेल.’

‘कुशल’चं मी ‘खुशाल’ केलं. मराठीत कुशल म्हणजे कामात तरबेज. ‘चालून राहिली’चं ‘चालली’ केलं. ‘सप्रेम नमस्ते’ खोडून ‘स.न.वि.वि.’ लिहायला लावलं आणि त्याचं पूर्ण रूपही सांगितलं : सप्रेम नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्यांना हे चालतं. मोठ्यांना साष्टांग नमस्कार.

तिसऱ्या वाक्याशी मात्र मी थांबले.

“मित्र राहतो कुठे?”

“अमेरिकेत.”

“मग त्याची कसली तयारी? तिथे आपल्यासारखी दहावीची बोर्डाची परीक्षा नसते. शाळेचं वर्षही मे-जूनमध्ये संपतं.”

तो गप्प. त्याचा मित्र परदेशी गेलेलाच नव्हता, शेजारच्या बाकावर बसला होता. ‘परदेशात’ हा शब्द प्रश्नात उगीच नाही. त्या मित्राला काय ठाऊक नसेल, ते सांगायचं असतं.

तो पुन्हा लिहायला बसला. पेपर आपल्या शाळेत नसतो, दुसऱ्या शाळेत सेंटर येतं. फेब्रुवारीत रात्री लग्नाच्या वराती जातात, बँड थांबेपर्यंत पाठांतर होत नाही. म्हणून तो पहाटे उठतो, रजई पांघरून वाचतो. मग पेन थांबलं आणि एक वाक्य आलं : ‘प्री-बोर्डात मी गणितात नापास झालो, हे घरी सांगितलेलं नाही.’

“हे लिहिलं तर मार्क कापतील?” त्याने विचारलं.

माझी एक मैत्रीण लग्न होऊन परदेशी गेली होती. निळ्या हवाई पत्रांवर मी तिला वर्षानुवर्षं लिहिलं : आम्ही सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी. बीएचं एक वर्ष माझं वाया गेलं, ते कधीच लिहिलं नाही. तिचीही उत्तरं तशीच, बिनचूक यायची. पुढे दोघींकडेही लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

“नाही कापणार,” मी म्हटलं. “पत्र अ. ब. क.चं आहे. तुझं नाव कुठे आहे त्यात?”

त्याने ते वाक्य खोडलं नाही. मी वही मिटली आणि त्याला गणिताचं पुस्तक आणायला सांगितलं.