रात्रभर गाणं वाजलं, चार्ट हलला नाही

पुण्यातल्या एका छोट्या मराठी म्युझिक लेबलमध्ये मी काम करते. गाणी स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूबवर चढवायची आणि नंतर त्यांचे आकडे बघत बसायचं, हे माझं काम. गणपतीच्या आधीचे दिवस आमच्याकडे सगळ्यात धावपळीचे असतात. २०२५च्या गणेशोत्सवात कोल्हापूरकडच्या एका तरुण संगीतकाराचं गाणं आम्ही काढलं. गाणं आलं त्या रात्री त्याच्या मंडळातल्या पोरांनी आपापल्या मोबाइलवर ते रिपीटला लावलं आणि मोबाइल चार्जिंगला लावून झोपून गेली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, ॲपमध्ये आकडा वाढलेला दिसतोय. मग चार्टवर आपण कुठंच कसं नाही?"

ॲपमध्ये गाण्याखाली दिसणारा आकडा आणि चार्टसाठी धरलेला आकडा हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिल्याची अट सोपी आहे. स्पॉटिफायवर गाणं निदान ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. एकोणतिसाव्या सेकंदाला कोणी पुढचं गाणं लावलं, तर काहीच नाही. या गाण्याची सुरुवात तुतारी आणि ढोलाच्या लांब तुकड्याने होती. मिरवणुकीत तो तुकडा अंगावर काटा आणतो, पण कानात इयरफोन घालून बसमध्ये बसलेला माणूस शब्द यायच्या आधीच पुढे निघून जातो. अशा ऐकण्याची नोंद आकड्यात येत नाही.

चार्टसाठी आणखी एक चाळणी लागते. चार्टचे आकडे ॲपमधल्या आकड्यांहून वेगळे असू शकतात आणि मुद्दाम फुगवलेले आकडे वर येऊ नयेत म्हणून त्यांना एक सूत्र लावलं जातं, असं स्पॉटिफाय स्वतः सांगतं. ते सूत्र कंपनीने उघड केलेलं नाही. म्हणून मी त्याला ब्रिटनच्या अधिकृत चार्टचं उदाहरण दिलं, कारण तिथले नियम लिहून जाहीर केलेले आहेत. तिथे एका माणसाने एक गाणं दिवसात कितीही वेळा ऐकलं, तरी जास्तीत जास्त १० वेळा धरतात. पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १०० स्ट्रीम मिळून गाण्याची एक विक्री होते. जाहिराती ऐकत फुकट ऐकणाऱ्यांचे मात्र त्यासाठी ६०० लागतात.

आता मंडळातल्या एका पोराचा हिशेब या नियमाने करून बघू. तीन मिनिटांचं गाणं आठ तास वाजलं म्हणजे १६० वेळा वाजलं. त्यातले १५० बाद, उरले १०. त्याचं खातं फुकटचं असेल तर एका विक्रीचा साठावा भाग हाती आला. पैसे भरलेलं असेल तर दहावा. याउलट पैसे भरणाऱ्या १६० माणसांनी ते गाणं एकेकदा ऐकलं असतं, तर सगळेच्या सगळे १६० स्ट्रीम धरले गेले असते. एवढं ऐकल्यावर तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे माणसं वाढवायची."

माणसं वाढवायची, हे बरोबरच. पण मंडपात हजार माणसं ऐकतात त्याचं काय, हा त्याचा पुढचा प्रश्न होता आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मंडपातल्या स्पीकरला एकच मोबाइल जोडलेला असतो, म्हणून समोर हजार माणसं नाचली तरी स्ट्रीम एकच. पेनड्राइव्हवरून वाजलं तर तोही नाही. आपल्याकडची सणाची गाणी मुख्यतः अशीच, एकत्र ऐकली जातात. त्यामुळे चार्टवर मराठी गाणं दिसलं नाही म्हणून ते कोणी ऐकत नाही, असं म्हणणं सरळ चूक आहे.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या एका नातेवाइकाने इन्स्टाग्रामवर भेटलेल्या कोणाला तरी पैसे देऊन 'प्लेलिस्ट पॅकेज' घेतलं. डॅशबोर्ड उघडल्याबरोबर मला ते दिसलं. एका दिवसात आकडा एकदम उभा चढला होता. जवळजवळ सगळे स्ट्रीम एकाच अनोळखी प्लेलिस्टमधून आलेले होते. ऐकणाऱ्यांच्या शहरांत पुणे-कोल्हापूर खाली गेलं होतं आणि परदेशातलं भलतंच शहर वर आलं होतं. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे स्ट्रीम भरमसाट, ऐकणारे मोजके आणि गाणं आपल्या यादीत जपून ठेवणारं कोणीच नाही. खरं ऐकणं वाढतं तेव्हा हे तीनही आकडे मागेपुढे, पण सोबत वाढतात. महिन्याच्या हिशेबात ते स्ट्रीम कापले गेले. २०२४पासून स्पॉटिफायचा नियमच असा आहे की एखाद्या गाण्यावर उघड-उघड बनावट स्ट्रीम सापडले, तर त्या गाण्यामागे लेबलला किंवा वितरकाला दंड होतो. असं पॅकेज विकणारा माणूस पैसे घेऊन बाजूला होतो आणि डाग गाणाऱ्याच्या नावावर राहतो, याचा मला मनापासून राग येतो.

यूट्यूबवर असाच प्रश्न जाहिरातींचा होता. जुलै २०१९मध्ये बादशाहच्या 'पागल' या गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं. बीटीएसच्या गाण्याचा विक्रम त्याने मोडला असता. पण त्यात पैसे देऊन दाखवलेल्या जाहिरातींमधले व्ह्यूज होते. त्या काळच्या नियमांत त्यात गैर काही नव्हतं आणि इतर कंपन्याही तेच करत होत्या. मात्र यूट्यूबने तो विक्रम मिरवला नाही, आणि सप्टेंबर २०१९मध्ये जाहीर केलं की म्युझिक चार्टसाठी आणि २४ तासांच्या विक्रमांसाठी जाहिरातीतले व्ह्यूज धरले जाणार नाहीत. शोधून, लिंकवरून किंवा यूट्यूबने सुचवल्यावर पाहिलेलंच धरलं जाईल. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. शॉर्ट्सच्या आकड्यांबाबतही सावध राहावं लागतं. ३१ मार्च २०२५पासून शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू धरला जातो, किती सेकंद पाहिला याची अटच नाही. म्हणून शॉर्टवरचे दहा लाख आणि स्पॉटिफायवरचे दहा लाख एकमेकांशेजारी मांडू नयेत.

ट्रेंडिंग आणि व्हायरल याद्यांचा हिशेब त्याहून वेगळा. तिथे एकूण किती यापेक्षा किती वेगाने, हे बघतात. स्पॉटिफायच्या व्हायरल यादीत ऐकणं अलीकडे किती वाढलं, किती जणांनी गाणं दुसऱ्याला पाठवलं आणि किती जणांना ते नव्यानेच सापडलं, याला वजन असतं. त्यामुळे रोज भरपूर ऐकलं जाणारं जुनं गाणं तिथे दिसत नाही आणि थोडक्या ऐकणाऱ्यांचं नवं गाणं दिसू शकतं. लहान कलाकाराला खरी संधी मला इथेच दिसते.

शेवटची गोष्ट तारखेची. निर्मात्याचा हट्ट होता की गाणं चतुर्थीलाच आलं पाहिजे. २०२५ची चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. स्पॉटिफायचा आठवड्याचा चार्ट शुक्रवार ते गुरुवार असा चालतो. म्हणजे पहिल्या आठवड्यात गाण्याला दोनच दिवस मिळाले आणि उत्साहाचा पहिला जोर दोन आठवड्यांत वाटला गेला. तेच गाणं शुक्रवारी, २२ ऑगस्टला आलं असतं, तर पूर्ण आठवडा हाती लागला असता आणि त्यात सणाचे पहिले दोन दिवसही आले असते.

तुमच्या ओळखीत कोणी गाणं काढणार असेल तर त्याला चतुर्थीच्या आधीचा शुक्रवार सांगा. आणि गाणं आवडलं तर ते रात्रभर रिपीटला लावू नका. स्वतःच्या खात्यावरून एकदा पूर्ण ऐका, जपून ठेवा आणि ज्याला आवडेल अशा एखाद्या माणसाला पाठवा.