कर्ता नसलेली वाक्ये

मराठीत 'फाटणे-फाडणे', 'पडणे-पाडणे', 'लागणे-लावणे' अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. पहिल्यात गोष्ट नुसती घडते. दुसऱ्यात ती कोणीतरी करतो. शाळेत छळ सोसणारे मूल घरी बहुधा पहिल्या क्रियापदांतच बोलते. माझा भाचा पाचवीत असताना महिनाभर असाच बोलत होता. "वही फाटली." "जिन्यावरून पडलो." "शर्टाला शाई लागली." यांतले एकही वाक्य खोटे नव्हते, फक्त कर्ता गाळलेला होता.

एखादी वही सहजही फाटते, दोन मित्रांचे भांडणही होते. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाची ओळख सांगताना तीन गोष्टी मानल्या: हेतू, पुनरावृत्ती आणि बळातील तफावत. कर्ताहीन वाक्ये पुन्हापुन्हा येऊ लागली, की कान टवकारावेत ते यासाठी.

अशा वेळी "कोणी फाडली?" हा प्रश्न आपल्या तोंडी चटकन येतो. पण नाव सांगितले तर घरचे शाळेत जातील, तो मुलगा चिडेल आणि उद्याचा दिवस आजच्याहून वाईट उगवेल, असा मुलाचा हिशेब असतो. त्यामुळे उत्तर येते, "कोणी नाही." "तू काय केलं होतंस?" या प्रश्नात तर आरोपच दडलेला असतो.

माझ्या बहिणीने कर्ता विचारला नाही. स्थळ आणि काळ विचारला. त्या वहीला दोघे मिळून कव्हर घालत होते, नजरा कागदावर होत्या. "फाटली तेव्हा वही कुठे होती?" "बाकावर." "आणि तू?" "पाणी प्यायला गेलो होतो." ती तिथेच थांबली. दोन दिवसांनी तिने विचारले, "मधल्या सुट्टीत डबा कुठे खातोस?" "जिन्याखाली." "तिथे कोण कोण असतं?" "तिथे कोणी येत नाही, म्हणून तर." हे ऐकून तिने हाय खाल्ली नाही, की संतापलीही नाही. आपल्या बोलण्याने आई कोसळते असे दिसले, की मूल तिला सांभाळण्यासाठी गप्प होते. चौथ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "आई, वही त्यांनी फाडली." क्रियापद बदलले होते.

लगेच पुढचे वाक्य आले, "पण कोणाला सांगू नकोस." तसे वचन तिने दिले नाही, कारण ते पाळता आले नसते. "बाईंना सांगावं लागेल. पण काय आणि कधी, ते आधी तुझ्याशी ठरवीन," ती म्हणाली. मग तारीख, जागा आणि घडलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून काढली. वर्गशिक्षिकेपुढे तोच कागद ठेवला.

या धीरालाही मर्यादा आहे. अंगावर जखमा दिसल्या, किंवा मूल "मी नसलो तर बरं" असे काही बोलले, तर क्रियापद बदलण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी शाळा आणि डॉक्टर, दोन्ही गाठावेत.