शून्यागारासाठी आलेला अर्ज

२०२४ च्या जुलै महिन्यात इयत्ता नववीच्या एका विद्यार्थिनीचा अर्ज मुख्याध्यापक सरांनी आमच्याकडे अभिप्रायासाठी पाठविला. विषयाच्या ओळीत 'प्रार्थना व चिंतनासाठी शांत खोली मिळणेबाबत' असे लिहिले होते. विद्यार्थ्यांचे अर्ज वाचण्यात आमची हयात गेली. रजा, दाखला, फार तर वसतिगृहातील पंख्याची तक्रार. हा अर्ज त्या जातीचा नव्हता.

विद्यार्थिनी मुस्लिम कुटुंबातील, आणि पाचवीपासून आपल्याच वसतिगृहात राहणारी. 'सविनय जयभीम' लिहून तिने थेट मुद्द्याला हात घातला होता. दिवसाच्या पाच नमाजांपैकी चार शाळेच्या वेळापत्रकात बसतात: पहाटेची उठण्याच्या घंटेआधी, दुपारची जेवणाच्या सुटीत, तिसऱ्या प्रहराची खेळाच्या तासात आणि रात्रीची झोपण्यापूर्वी. अडचण मगरिबची. ती सूर्यास्तानंतर लगेच सुरू होते आणि पश्चिमेची संधिप्रभा मावळली की, म्हणजे साधारण सव्वा तासात, तिची वेळ संपते. आपली घंटा वर्षभर एकाच वेळी वाजते. सूर्य मात्र घंटेचे ऐकत नाही. विदर्भात नोव्हेंबरअखेर तो साडेपाचच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सातच्या सुमारास. आपला खेळाचा तास सव्वासहाला संपतो, साडेसहाला सायंवंदना आणि सात ते नऊ अभ्यासिका. म्हणजे हिवाळ्यात तिची प्रार्थना खेळाच्या तासातच आटोपते. जून ते सप्टेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये मात्र ती वंदनेत किंवा अभ्यासिकेत सापडते, आणि अभ्यासिकेतून उठण्यास मनाई. वर्तमानपत्रातील सूर्यास्ताच्या वेळा उतरवून तिने बारा महिन्यांचा तक्ताच अर्जाला जोडला होता. मागणी एवढीच, की त्या सहा महिन्यांत अभ्यासिकेतील दहा मिनिटे मिळावीत, आणि एक जागा.

जागेविषयीचा परिच्छेद आम्ही दोनदा वाचला. 'आमच्या हॉलमध्ये अठ्ठावीस खाटा आहेत,' असे ती लिहिते. 'एखादीला घरची आठवण आली किंवा नुसते गप्प बसावेसे वाटले, तर न्हाणीघराशिवाय जागा नाही. म्हणून ही खोली मी माझ्या एकटीसाठी मागत नाही.' निवासी शाळेत मुलांना अन्न, वस्त्र, शिक्षण, सोबत सारे मिळते. एकांत तेवढा मिळत नाही, आणि तो मिळत नाही हे त्यांच्याबरोबर न राहणाऱ्या आम्हा शिक्षकांच्या सहसा ध्यानीही येत नाही.

शिक्षकसभेत अपेक्षेप्रमाणे दोन हरकती निघाल्या. एका सहकाऱ्यांचे म्हणणे, ईश्वर न मानणाऱ्या धम्माच्या शाळेत ईश्वराच्या प्रार्थनेला खोली कशी द्यावी? दुसऱ्या बाईंना भीती, की आज चटई आली, उद्या मूर्ती येईल, परवा कोणाची तसबीर. मग नको कोणाला म्हणणार? दुसरी हरकत आम्हांस अधिक वजनदार वाटली आणि आजही वाटते.

काहींनी संविधानाचा आधार घेतला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने आम्हांस थोडे बोलावे लागले. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हा विषय चर्चेला होता. शासकीय संस्थांत धार्मिक शिक्षण का नको, याची जी कारणे बाबासाहेबांनी त्या दिवशी मांडली, त्यांत एक असे होते की, या देशात धर्म अनेक आहेत आणि प्रत्येकाचा दावा आपणच सत्य असल्याचा आहे; ते वाद शाळेत आणले तर तिथली शांतता राहणार नाही. आजच्या अनुच्छेद २८ चे तिसरे कलम आपल्यासारख्या मान्यताप्राप्त व अनुदानित शाळांना लागू आहे. कोणत्याही विद्यार्थ्यास धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. तो अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे या मुलीला सायंवंदनेस बसविण्यासाठी तिच्या वडिलांची संमती हवी. न बसण्यासाठी ती मागता येत नाही. परंतु हे कलम दूर राहण्याचा हक्क देते. खोली मागण्याचा हक्क त्यात नाही, आणि तो आहे असे मुलीला सांगणे ही तिची फसवणूक झाली असती.

असा हक्क दरवेळी मान्य होतोच असेही नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने मायकेला या शाळेतील एका मुस्लिम विद्यार्थिनीचा दावा फेटाळला होता. त्या शाळेतील निम्म्याच्या आसपास विद्यार्थी मुस्लिम; काहींनी २०२३ मध्ये मैदानात नमाज सुरू केला आणि शाळेने प्रार्थनेवर बंदी घातली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रवेश घेताना शाळेचे कडक नियम ठाऊक होते, हवी तर दुसरी शाळा निवडता येते आणि हुकलेली नमाज नंतर अदा करता येते. सभेत हा निकाल वाचून दाखविला गेला. आम्ही एवढेच विचारले, की ती मुलगी दुपारी शाळा सुटल्यावर घरी जात होती. आपली मुलगी कुठे जाणार? जिचे घरच वर्षाचे दहा महिने शाळेच्या आवारात आहे, तिला 'हे घरी कर' असे सांगता येत नाही. निवासी शाळेचा प्रश्न इथे वेगळा होतो.

पहिल्या हरकतीचे उत्तर आम्हांला तिपिटकात सापडले. आनापानसतीच्या सुत्तात श्वासावर ध्यान धरू पाहणाऱ्याने कुठे जाऊन बसावे, त्याच्या तीन जागा सांगितल्या आहेत: अरण्य, वृक्षाचे मूळ आणि शून्यागार, म्हणजे रिकामे घर. तिथे मूर्तीचा, दिव्याचा, सजावटीचा उल्लेख नाही. रिकामेपण हीच त्या जागेची पात्रता. दुसऱ्या हरकतीचे उत्तरही त्यातच होते: खोली रिकामी ठेवायची. मग कोणाची तसबीर लावायची आणि कोणाची काढायची, हा प्रश्नच राहत नाही. आपल्या वंदनेचा हॉल आहेच. तिथले बुद्धरूपही या खोलीत आणायचे नाही. हे आमच्या काही मित्रांना आजही रुचलेले नाही.

ग्रंथालयामागील जुन्या नकाशांची खोली रिकामी करून घेतली. जी चटई आणील तिने ती परत न्यावी, पुस्तक वा माळ मागे ठेवू नये, एका वेळी चौघींहून अधिक नकोत आणि आत बोलणे नाही, असे ठरले. दाराला आतून कडी नाही आणि वर काचेची पट्टी आहे. गृहपाल बाई समोरच्या व्हरांड्यात असतात. एकांत द्यायचा म्हणून मुलीला नजरेआड करायचे नाही, हे पालकसभेत स्पष्ट सांगितले. हातपाय धुण्याचा नळ बाहेरच होता. मगरिबची दहा मिनिटे अभ्यासिकेच्या हजेरीत उपस्थिती म्हणूनच धरली जातात.

अशी खोली दोन प्रकारे बिघडते. एक म्हणजे ती हळूहळू एकाच गटाची होते. दाराबाहेरच्या चपला महिनोन्‌महिने त्याच दिसू लागल्या की समजावे. दुसरा प्रकार शिक्षकांकडून होतो. दंगा करणाऱ्या मुलीला एका सहकाऱ्यांनी 'जा, शांत खोलीत बस' असे फर्मावले, आणि पुढचे पंधरा दिवस तिकडे कोणी फिरकले नाही. शिक्षेची जागा झाली की ती शून्यागार राहत नाही. मुख्याध्यापक सरांनी तशी लेखी सूचना काढली, तेव्हा कुठे चपला पुन्हा दिसू लागल्या.

अर्ज करणारी मुलगी यंदा दहावीला आहे. तिचा तक्ता खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर लावलेला असे. मार्चमध्ये तो फाटला, तेव्हा आठवीतल्या दोन मुलींनी नवा करून लावला. त्यांपैकी एकीची आई गेल्या पावसाळ्यात वारली. ती मगरिबच्या वेळी नव्हे, रात्री जेवणानंतर येते, भिंतीला पाठ लावून बसते आणि घंटा झाली की निघून जाते. काय करतेस, असे तिला अजून कोणी विचारलेले नाही.