छत्तीस गुण की शंभर जोड्या?

राळेगणसिद्धीच्या एनएसएस कॅम्पमध्ये दिवसभर चर खणून तळहात सोलवटले, की रात्री गप्पांना रंग चढतो. अशाच एका रात्री आमच्या रूमपार्टनरने जाहीर केलं, "मी तिला विचारणार नाही." कारण काय, तर सिनॅस्ट्री!

आपल्याकडे चंद्राच्या नक्षत्रावरून 36 पैकी गुण काढतात. पाश्चात्त्य पद्धतीत दोघांच्या कुंडल्या एकमेकींवर ठेवतात आणि त्याच्या ग्रहापासून तिचा ग्रह किती अंशांवर आहे ते मोजतात. 0 म्हणजे युती, 60 लाभयोग, 90 केंद्रयोग, 120 नवपंचम, 180 प्रतियोग. शुक्र-मंगळाची युती झाली तर ओढ. एकाचा शनि दुसऱ्याच्या चंद्राशी केंद्रात असला तर खटके आणि कोरडेपणा. आमच्या पार्टनरचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं.

पण कोन तंतोतंत 90 कधीच येत नाही, म्हणून थोडी सूट देतात. समजा अलीकडे-पलीकडे 6 अंश. मग युती आणि प्रतियोगाला 12-12 अंश मिळतात. उरलेले तीन कोन दोन्ही बाजूंनी मोजता येतात, म्हणून त्यांना 24-24. एकूण 96. म्हणजे 360 पैकी 96 अंश 'लागू'! सूर्यापासून प्लूटोपर्यंत त्याचे दहा, तिचे दहा, अशा शंभर जोड्या. त्यातल्या साधारण 27 योगायोगानेच लागणार, मग ती समोर असो की मेसचे काका. गोड-कडू दोन्ही योग प्रत्येकाला मिळतात. कोणते वाचायचे ते वाचणारा ठरवतो. प्लूटोची तर गंमतच. तो इतका सावकाश चालतो, की आमच्या अख्ख्या बॅचची एकमेकांशी प्लूटो-युती आहे!

शिवाय तिची फक्त तारीख माहीत होती, वेळ नाही. चंद्र दिवसाला सुमारे 13 अंश सरकतो. म्हणजे पहाटेचा जन्म असेल तर तो केंद्रयोग लागेल आणि रात्रीचा असेल तर कदाचित नाही.

मी वहीत दुसरी जोडी मांडली. जोतीराव फुले, 11 एप्रिल 1827, सूर्य मेषेत साधारण 20-21 अंशांवर. सावित्रीबाई, 3 जानेवारी 1831, सूर्य मकरेत 12 च्या आसपास. (सायन गणित हं, आपल्या पंचांगाचं निरयण नव्हे. दोघांना जवळजवळ सारखंच मागे सरकवलं तरी मधला कोन तोच राहतो.) अंतर सुमारे 98 अंश. सूट 6 ठेवली तर काहीच योग नाही. सूर्यासाठी काहीजण 10 पर्यंत सूट देतात. तेवढी दिली तर सूर्य-सूर्य केंद्रयोग, म्हणजे अहंकाराची टक्कर! या जोडप्याचं लग्न 1840 मध्ये झालं आणि 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली.

पार्टनरने वही ओढून घेतली, आकडे दोनदा तपासले आणि म्हणाला, "तिची जन्मवेळ कशी विचारू रे?"