मागचे दोन दिवे

गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा हात कापू लागला आहे. घरकामात ते जाणवत नाही. मुलाच्या नाकासमोर पेन्सिल धरली की मात्र तिचं टोक थरथरतं. डिचोलीत, आणि आठवड्यातून एक दिवस पेडण्यात, वाचताना डोकं दुखणाऱ्यांचे डोळे तपासण्यात माझं आयुष्य गेलं. त्यात पेन्सिल जवळ नेण्याइतकं सोपं दुसरं काही नव्हतं. आता ती धरताना माझं अर्धं लक्ष माझ्याच बोटांकडे जातं. म्हणून वर्षापूर्वी हाताखाली शिकायला आलेल्या मुलीला मी पेन्सिल धरायला सांगू लागले.

हे सुरू होण्याआधी पेडण्याच्या बाजूची बारा वर्षांची एक मुलगी आली होती. पुस्तक उघडून दहा मिनिटं झाली की कपाळ ठणकायचं, ओळी एकमेकींवर चढायच्या. नजर दोन्ही डोळ्यांची 6/6. थेंब घालून पाहिलं, लपलेला नंबर नव्हता. दूर पाहताना डोळ्यांची बाहेर सुटण्याची ओढ 2 प्रिझम, जवळ पाहताना 10. पेन्सिल नाकाकडे नेली की 14 सेंटिमीटरवर उजवा डोळा बाहेर सुटायचा. हे अंतर 6 च्या आत असायला हवं. जेवढी ओढ असेल, तिच्या दुप्पट तरी आत वळण्याची राखीव ताकद हवी, हा आमचा जुना आडाखा. तिची ताकद 8 वरच संपत होती. मी तिला रोज पंधरा मिनिटं पेन्सिलीचा व्यायाम दिला.

सहा आठवड्यांनी आई तिला घेऊन आली. डोकेदुखी जशीच्या तशी होती. मी पेन्सिल नाकाकडे नेली. "कितें दिसता गो?" "एकच." नाकापाशी आली तरी एकच. मी कागदावर 5 सेंटिमीटर लिहिलं आणि मनात सुखावले. मग दुखणं का थांबत नाही, याचं खापर मी अभ्यासाच्या ताणावर फोडायला निघाले होते. एवढ्यात माझ्या विद्यार्थिनीने पेन्सिल हातात घेतली आणि विचारलं, "बाय, पेन्सिलीकडेच बघ हां. मागे भिंतीवरचा दिवा किती दिसतो?"

"एक."

माझी कानशिलं तापली. दोन्ही डोळे खरोखर पेन्सिलीवर वळले असतील, तर मागचा दिवा दोन दिसायलाच हवा. एकच दिसतो, याचा अर्थ एक डोळा कामावर नाही. दोन-दोन दिसण्याच्या त्रासातून सुटायला त्या मुलीच्या मेंदूने उजव्या डोळ्याचं चित्र पुसून टाकलं होतं. सहा आठवडे ती मन लावून व्यायाम करत होती, पण तो एकाच डोळ्याचा. वाचताना पहिली काही मिनिटं दोन्ही डोळे झगडायचे, त्यातच डोकं धरायचं. नंतर उजवा गप्प व्हायचा.

आणि उजवा डोळा सुटलेला मला दिसला कसा नाही? माझं लक्ष माझ्या थरथरत्या टोकाकडे होतं. पण हाताला दोष देऊन मी सुटणार नाही. दिव्याचा प्रश्न मी सुरुवातीच्या काळात प्रत्येकाला विचारायची. पुढे मला वाटू लागलं की मला विचारायची गरज नाही, मला नुसतं बघून कळतं. लोकही तसंच म्हणायचे, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

त्या दिवशी पेन्सिल बाजूला ठेवून ब्रॉकची दोरी काढली. लांब दोरी, तिच्यात तीन रंगीत मणी. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाच्या शेंड्यावर. मण्याकडे बघितलं की दोन दोऱ्या दिसाव्यात आणि त्या बरोबर मण्यापाशी एकमेकींना छेदाव्यात. दोऱ्या मण्याच्या अलीकडेच छेदल्या तर डोळे गरजेपेक्षा जास्त वळलेत; पलीकडे छेदल्या तर कमी. दोरी एकच दिसली तर एक डोळा बंद आहे. मुलाने खोटं बोलायचं ठरवलं तरी काय सांगावं हे त्याला सुचत नाही, म्हणून मला ही दोरी आवडते. मणी 20 सेंटिमीटरवर ठेवला तेव्हा तिला एकच दोरी दिसली. मागे नेत नेत 45 वर आलो आणि ती म्हणाली, "दोन दिसतात!"

तिथूनच सुरुवात केली. लाल-हिरवा चष्मा घालून, म्हणजे कोणत्या डोळ्याची दोरी हरवली ते तिचं तिलाच रंगावरून कळतं. हरवली की डोळे मिचकावायचे, दोरी किंचित हलवायची, तरी येत नसेल तर मणी मागे न्यायचा. पहिला आठवडा मणी तिथून हलवला नाही. मग दर खेपेला थोडासा जवळ. मध्ये मध्ये खिडकीबाहेरच्या माडाकडे बघायचं; वळणं जितकं महत्त्वाचं, तितकंच सैल सोडणंही, नाहीतर डोळे आतच अडकून राहतात आणि लांबचं धूसर होतं. आठवड्यातून एकदा माझ्यासमोर, बाकी दिवस घरी.

नुसती पेन्सिल देऊन घरी पाठवणाऱ्या डॉक्टरांवर मी अनेक वर्षं चिडत आले, आणि या मुलीला मीही तेच केलं होतं. 2008 साली अमेरिकेतल्या 221 मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: बारा आठवडे समोर बसवून उपचार केलेल्यांपैकी 73 टक्के सुधारले, घरी पेन्सिल करणाऱ्यांपैकी 43, आणि समोर बसवून खोटा उपचार दिलेल्यांपैकी 35. तो कागद मी कितीतरी जणांना दाखवला. 2019 साली त्याच संशोधकांचा 311 मुलांवरचा पुढचा अभ्यास आला, तो मात्र मी कोणाला दाखवला नाही. खऱ्या उपचाराने डोळे जवळ वळण्याची ताकद नक्की वाढली होती; पण वाचून समजणं खोट्या उपचाराच्या गटापेक्षा जास्त सुधारलं नव्हतं, आणि तक्रारीही दोन्ही गटांत जवळपास सारख्याच कमी झाल्या होत्या. मी आयांना सांगत आले होते, डोळे सुधारले की मार्क वाढतील. ते वाक्य मी चुकीचं बोलत होते.

आता डोळे गोल फिरवून चष्मा घालवून देतो म्हणणारे आणि महागडी पॅकेजं विकून मुलाला हुशार करतो म्हणणारे वाढलेत. त्यांचा मला संताप येतो. पण मार्कांचं आमिष मीही दाखवलं होतं.

मोठ्यांचं वेगळंच. डिचोलीतले एक कारकून चाळिशीचा नवा चष्मा लागल्यावर डोकेदुखी वाढली म्हणून आले. चष्म्याने जवळ बघण्याचा जोर वाचला, पण त्या जोराबरोबर डोळे आपोआप आत वळत, तेही कमी झालं. त्यांना दोरीबरोबर वाचायच्या चष्म्यात थोडं प्रिझमही दिलं. मात्र ज्याला अचानक, किंवा डोक्याला मार लागल्यावर, दोन दिसू लागलं, त्याच्या हातात मी दोरी देत नाही. आधी बांबोळीच्या इस्पितळात पाठवते.

बारा आठवड्यांनी ती मुलगी आली तेव्हा विद्यार्थिनीने पेन्सिल धरली. मी बाजूच्या स्टुलावर बसून फक्त उजव्या डोळ्याकडे पाहत होते. 6 सेंटिमीटरपर्यंत तो आत राहिला, मग सुटला, आणि त्याच क्षणी ती म्हणाली, "दोन झाल्या." प्रिझमवर आता ती 22 पर्यंत टिकत होती. डोकं आठवड्यातून एखाद्या वेळीच दुखतं, असं आई म्हणाली. मग तिने विचारलं, "बाई, आता मार्क वाढतील ना?"

"ते मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "वाचायला बसेल तेव्हा ओळी एकमेकींवर चढणार नाहीत, एवढं बघू."

आई थोडी हिरमुसली. मुलगी दोरी गुंडाळत होती. विद्यार्थिनी माझ्याकडे न बघता तिला विचारत होती, "आणि मागचा दिवा?"