‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे कोणाचा शुक्रवार?

सांगलीतील एका हळद निर्यातदार कुटुंबाचा कारभार आज तीन ठिकाणांहून चालतो. वडीलबंधू पेढीवर बसतात, पुतण्या दुबईत ग्राहक सांभाळतो आणि सूनबाई न्यू जर्सीतून कागदपत्रे तपासतात. तिघेही दक्ष, तरीही गेल्या ऑक्टोबरात त्यांचा एक व्यवहार अडला.

माल 1 तारखेला जहाजावर चढला. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये वेगळी मुदत लिहिलेली नव्हती. अशा वेळी यूसीपी 600 च्या नियमांनुसार कागदपत्रे जहाजभरणीनंतर 21 दिवसांच्या आत बँकेत सादर व्हावी लागतात. शेवटचा दिवस होता 22 तारखेचा शुक्रवार. पेढीवरून सूनबाईंना निरोप गेला, “बीजक शुक्रवारपर्यंत तपासून पाठवावे.” त्यांनी शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता, म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे वेळेत, ते पाठविले. सांगलीत तेव्हा शनिवारची पहाट, अडीच वाजले होते. तो चौथा शनिवार, बँक बंद. सोमवारी कागदपत्रे सादर झाली तेव्हा ‘विलंबाने सादर’ ही त्रुटी लागली. बँकेची हमी गेली, रक्कम ग्राहकाच्या मर्जीवर राहिली आणि त्याने सवलत मागितली.

दोष कोणाच्या आळसाचा नव्हता. मुदतीत वार होता, घड्याळ नव्हते. त्यानंतर वडीलबंधूंनी प्रलंबित मागण्यांची एक वही सुरू केली. तीत मागणी, उत्तर देणारी एकच व्यक्ती आणि दोन्ही गावांची वेळ लिहिली जाते.

मुदत आता शेवटापासून उलटी मोजतात. अखेरचा दिवस शुक्रवार असेल, तर कागद गुरुवारीच बँकेत जातात; दुरुस्ती निघाल्यास एक दिवस हाती राहतो. त्यासाठी तपासणी गुरुवारी सकाळी दहापूर्वी हवी. म्हणून सूनबाईंना ‘तुमच्या बुधवारी रात्री आठपर्यंत’ असे कळवितात. सांगलीत तेव्हा गुरुवारचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. दहापर्यंत उत्तर न आल्यास पुतण्या कागद तपासतो, कारण दुबईत तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. मात्र पैसे देण्याच्या किंवा भाव कमी करण्याच्या मागणीत मौन म्हणजे संमती धरीत नाहीत. तेथे फोन करून स्पष्ट होकारच घेतात.

एक सावधगिरी वर्षातून दोनदा लागते. भारत आणि दुबईचे घड्याळ बदलत नाही. अमेरिकेचे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते. साडेनऊ तासांचे अंतर हिवाळ्यात साडेदहा तासांचे होते. त्या दोन रविवारी वहीतील सर्व खुल्या मुदती नव्याने लिहिल्या जातात. ज्या मागणीसमोर दुसऱ्या गावाची वेळ लिहिलेली नसेल, ती पाठविली असे पेढीवर आता कोणी मानीत नाही.